नवजात बाळाचा उसना आजार

गळ्याच्या पुढच्या भागात असलेली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक तयार करू लागली, की शरीराच्या प्रत्येक पेशीचे काम वेगाने होऊ लागते, हृदय धावू लागते आणि वजन घटते. या अवस्थेला थायरोटॉक्सिकोसिस म्हणतात. प्रौढांमध्ये तिचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ग्रेव्ह्ज आजार. त्यात रुग्णाचे शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे एरवी जंतूंशी लढण्यासाठी बनणारी प्रथिने, निर्माण करते. ही प्रतिपिंडे ग्रंथीचा नाश करत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच नावाच्या संप्रेरकाद्वारे थायरॉइडला काम करण्याचा आदेश देते आणि तो आदेश थायरॉइडच्या पेशींवरील ज्या ग्राहींवर पोहोचतो, नेमक्या त्याच ग्राहींना चिकटून ही प्रतिपिंडे ग्रंथीला अखंड चेतवत राहतात. म्हणूनच त्यांना उत्तेजक प्रतिपिंडे म्हणतात. न्यूझीलंडमधील अ‍ॅडम्स आणि पर्व्हस या संशोधकांनी १९५६ मध्ये या आजाराच्या रुग्णांचा रक्तद्रव गिनीपिगांना टोचला, तेव्हा थायरॉइडवर होणारा परिणाम टीएसएचच्या परिणामापेक्षा उशिरा दिसला आणि जास्त काळ टिकला. रक्तात टीएसएचहून वेगळे असे काहीतरी फिरत असल्याचा तो पहिला ठोस पुरावा होता.

ही प्रतिपिंडे आयजीजी या वर्गातली असतात, आणि आईच्या प्रतिपिंडांपैकी वारेतून गर्भापर्यंत पोहोचणारा वर्ग तोच आहे. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत बाळाचे रोगांपासून रक्षण व्हावे यासाठी असलेल्या या सोयीतून, आईला ग्रेव्ह्ज आजार असल्यास, तिची उत्तेजक प्रतिपिंडेही बाळाकडे जातात. गर्भारपणाच्या उत्तरार्धात हा ओघ वाढतो, आणि दिवस भरेपर्यंत बाळाच्या रक्तातील आयजीजीची पातळी आईच्या बरोबरीला येते किंवा तिच्याही पुढे जाते. साधारण विसाव्या आठवड्यापासून गर्भाची थायरॉइड या उत्तेजनाला प्रतिसाद देऊ शकते. तरीही ग्रेव्ह्ज आजार असलेल्या मातांच्या शंभर बाळांपैकी सुमारे एक ते पाच बाळांनाच हा त्रास होतो, कारण सारे काही प्रतिपिंडांच्या पातळीवर अवलंबून असते. गर्भारपणाच्या मध्यावर किंवा शेवटच्या तिमाहीत आईच्या रक्तातील ही पातळी प्रयोगशाळेच्या वरच्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असेल, तर बाळावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

येथे एक धोका वारंवार नजरेआड होतो आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. ज्या स्त्रीची थायरॉइड काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेने काढली गेली किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केली गेली, ती स्त्री आता रोज थायरॉक्झिनची गोळी घेते, तिचा टीएसएचचा अहवाल बिनचूक येतो आणि तिच्या कागदांवर ‘थायरॉइड कमी’ एवढीच नोंद असते. परंतु ग्रंथी गेली तरी प्रतिपिंडे बनवणारी यंत्रणा जात नाही, आणि आयोडीनच्या उपचारानंतर तर प्रतिपिंडांची पातळी काही काळ वाढून वर्षानुवर्षे टिकू शकते. आईजवळ चेतण्यासाठी ग्रंथीच उरलेली नसते, बाळाजवळ मात्र ती असते. गर्भवतीची नोंदणी करताना थायरॉइडची गोळी कशामुळे सुरू झाली हा एक प्रश्न विचारला गेला नाही, तर हे बाळ कोणाच्याच लक्षात येत नाही. जन्मानंतर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन केली जाणारी टीएसएचची चाचणीही येथे उपयोगी पडत नाही, कारण ती टीएसएच वाढलेली, म्हणजे थायरॉइड कमी काम करणारी, बाळे शोधण्यासाठी आखलेली असते आणि या आजारात टीएसएच जवळजवळ शून्यावर आलेले असते.

ज्या आईला ग्रेव्ह्ज आजारासाठी अद्याप औषध चालू असते, तिच्या बाळाची गोष्ट वेगळी असते. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल ही औषधेही वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या ग्रंथीलाही लगाम घालतात, त्यामुळे जन्माच्या वेळी ते बाळ पूर्ण निरोगी दिसू शकते. नाळ कापली जाताच औषधाचा पुरवठा थांबतो आणि उरलेले औषध काही दिवसांत शरीराबाहेर पडते. प्रतिपिंडे मात्र अनेक आठवडे राहतात. म्हणून लक्षणे बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, कधी दहाव्या दिवसापर्यंत उमटतात, आणि तोपर्यंत आई-बाळ घरी गेलेले असतात. क्वचित आईकडून ग्राही अडवणारी प्रतिपिंडेही आलेली असतात. ती आधी ओसरली, तर आजार आणखी काही आठवडे उशिरा प्रकट होतो.

एक नमुना बाळ कल्पनेत घेऊन त्याचा क्रम पाहिला, तर आजाराचा कालावधी कशावर ठरतो ते उलगडते. समजा, शेवटपर्यंत मेथिमाझोल घेणाऱ्या आईचे हे बाळ अडतिसाव्या आठवड्यात २.६ किलो वजनाने जन्मले आणि नाळेच्या रक्तातील प्रतिपिंडांची पातळी लिटरमागे २४ युनिट निघाली, जेव्हा त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा १.७५ आहे. चौथ्या दिवशी मुक्त थायरॉक्झिन, म्हणजे अहवालातील ‘फ्री टी-फोर’, डेसिलिटरमागे २.४ नॅनोग्रॅम आले. प्रौढ माणसात हा आकडा जास्त ठरला असता, पण नवजात बाळात पहिल्या आठवड्यात तो स्वाभाविक असतो, म्हणून बाळाचा अहवाल नेहमी त्याच्या वयाच्या मर्यादांशी ताडून पाहावा लागतो. टीएसएच मात्र ०.२ इतके खाली होते. जन्मानंतर लगेच ते स्वाभाविकपणे उसळते, आणि चौथ्या दिवशी ते इतके दबलेले असणे ही पुढच्या संकटाची पहिली खूण होय. आठव्या दिवशी बाळ चिडचिडे झाले, तास-दीड तासाने दूध मागू लागले आणि तरीही त्याचे वजन २.४ किलोवर उतरले. शांत झोपेतही नाडी मिनिटाला १९० लागली, त्वचा गरम व घामट झाली, डोळे टक्क उघडे राहिले आणि फ्री टी-फोर ६ वर गेले. भरपूर पिऊनही वजन न वाढणे आणि झोपेतही न उतरणारी नाडी, या जोडीकडे घरच्या माणसांनी व डॉक्टरांनी सर्वाधिक लक्ष द्यावे. ताप, जुलाब, कावीळ, कमी झालेल्या रक्तबिंबिका, वाढलेले यकृत यांमुळे पुष्कळदा जंतुसंसर्गाचा समज होतो. बाळाच्या जिवाला खरा धोका हृदय थकून निकामी होण्याचा असतो. शिवाय ग्रंथी फुगून श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो.

उपचारात मेथिमाझोल दिवसाला किलोमागे सुमारे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून दिले जाते. या बाळाला ते दिवसभरात अंदाजे १.२ मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलिग्रॅमच्या गोळीचा जेमतेम चौथा भाग होतो. ही मात्रा रुग्णालयातच मोजून तयार करून दिली पाहिजे, कारण घरी गोळीचे तुकडे करताना चूक होणे सहज शक्य असते. हे औषध नवे संप्रेरक बनणे थांबवते, पण ग्रंथीत आधीच साठलेले संप्रेरक रक्तात येतच राहते, म्हणून गुण दिसायला काही दिवस लागतात. तोपर्यंत हृदयाला सांभाळण्यासाठी प्रोप्रानोलॉल दिवसाला किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम, विभागून दिले जाते. प्रकृती फार बिघडली असेल तर लुगोलचे आयोडीन द्रावण थेंबाथेंबाने देऊन साठा बाहेर पडणे रोखतात, मात्र तो थेंब मेथिमाझोलच्या पहिल्या मात्रेनंतर किमान तासाभराने द्यायचा असतो, नाहीतर तेच आयोडीन नव्या संप्रेरकाचा कच्चा माल ठरते. आईने स्तनपान थांबवण्याचे कारण नसते. दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत मेथिमाझोल घेणाऱ्या आईचे दूध बाळाला चालते.

हा त्रास किती दिवस चालेल, या आईबापांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आश्वासक आहे, आणि ते साध्या हिशेबातून निघते. बाळ स्वतः ही प्रतिपिंडे बनवत नाही. जन्माच्या क्षणी जेवढी आली तेवढीच, आणि त्यांतली निम्मी साधारण दोन ते तीन आठवड्यांत नष्ट होतात. तीन आठवड्यांचा हिशेब धरला, तर २४ ची पातळी तिसऱ्या आठवड्यात १२, सहाव्यात ६, नवव्यात ३ आणि बाराव्या आठवड्यात १.५ होऊन मर्यादेच्या आत येते. पातळी मुळात दुप्पट, ४८ असती, तर आजाराचा काळ दुप्पट झाला नसता, त्यात फक्त तीन आठवड्यांची भर पडली असती, आणि शंभराच्या पातळीलाही अठरा आठवडे पुरले असते. प्रत्यक्षातही बहुतेक बाळांचा आजार आठ ते वीस आठवड्यांत सरतो, पुष्कळांचे औषध एक-दोन महिन्यांतच थांबते, आणि वर्षाच्या आसपास रेंगाळणारी उदाहरणे विरळा असतात. हिशेब आणि बाळ यांत थोडे अंतर पडते, कारण प्रयोगशाळेचा आकडा ग्राहीला चिकटणारी सर्व प्रतिपिंडे मोजतो, त्यांची चेतवण्याची ताकद मोजत नाही, आणि पातळी मर्यादेच्या आत येण्यापूर्वीच ग्रंथी शांत होऊ शकते.

आजार आपणहून ओसरणारा असल्यामुळेच औषध कमी करण्याची वेळ चुकवून चालत नाही. फ्री टी-फोर आटोक्यात येईपर्यंत दर आठवड्याला आणि नंतर दर दोन आठवड्यांनी तपासले जाते. नमुन्यातील बाळाची मात्रा पाचव्या आठवड्यात निम्मी झाली, नवव्या आठवड्यात औषध बंद झाले आणि बाराव्या आठवड्यापर्यंत दोनदा तपासणी झाली. पहिल्या आठवड्यांची मात्रा तशीच चालू राहिली असती, तर ओसरत्या प्रतिपिंडांच्या जोडीला ते औषध बाळाच्या थायरॉइडला उलट बाजूला ढकलून गेले असते, आणि या वयात थायरॉक्झिन कमी पडणे मेंदूच्या वाढीला घातक असते. या काळात टीएसएचवर विसंबता येत नाही, कारण दबलेली पिट्युटरी जागी व्हायला आणखी आठवडे लागतात. गर्भारपणात आईचा आजार आटोक्यात नसेल, तर काही बाळांमध्ये पिट्युटरी इतकी दबते, की आजार सरल्यावर टीएसएच आणि थायरॉक्झिन दोन्ही कमी राहतात आणि त्या बाळाला काही काळ थायरॉक्झिनच द्यावे लागते. प्रतिपिंडे निघून गेली तरी संप्रेरकाच्या अतिरेकाचा ठसा मागे राहू शकतो. हाडांचे वय पुढे गेलेले असते, कवटीचे सांधे वेळेआधी जुळून टाळू लवकर भरते आणि विकास मंदावू शकतो. त्यामुळे औषध थांबल्यावरही डोक्याचा घेर व विकासाचे टप्पे तपासत राहणे भाग असते.

हिशेबातला काळ उलटून गेला, रक्तातील प्रतिपिंडे संपली, आणि तरीही औषध थांबवताच बाळाची नाडी पुन्हा धावू लागली, तर निदानच बदलावे लागते. अशा वेळी टीएसएचच्या ग्राहीच्या जनुकात असा बदल शोधला जातो, ज्यामुळे कोणीही न चेतवता ग्राही कायम चालू राहतो. तो बदल आई किंवा वडील यांच्याकडून आलेला असू शकतो किंवा बाळात प्रथमच घडलेला असू शकतो, आणि त्यावर काही महिन्यांचे औषध पुरत नाही, पुढे थायरॉइड ग्रंथीच काढावी लागते.