उरलेल्या बाटल्या आणि खंगाळलेले पाणी



2024 च्या उन्हाळ्यात बेंगळुरूत पाण्याची टंचाई झाली, तेव्हा आम्ही क्वार्टर्समध्ये कपडे धुतलेले पाणी झाडांना घालू लागलो. काही आठवड्यांत पानांच्या कडा करपल्या आणि कुंडीतली माती कडक होऊन वर पांढरी पडली. धुण्याच्या पावडरीतले सोडियमचे क्षार मातीत साठतात आणि मुळांना पाणी ओढू देत नाहीत. तेव्हापासून आम्ही साबणाचे पहिले पाणी मोरीत सोडतो. शेवटच्या खंगाळणीचे तेवढे बुंध्याशी घालतो, आणि मधूनमधून साधे पाणी देतो. फिनेल-ब्लीचिंगचे पाणी झाडांना मुळीच नाही.

सेप्टिक टँकची गोष्ट वेगळी. टाकीतला मैला जिवाणू कुजवतात. रोजच्या थोड्याशा क्लीनरने त्यांचे बिघडत नाही. पण बदली झाली, घर सोडताना उरलेल्या बाटल्या संडासात रिकाम्या केल्या, की ते मरतात. न कुजलेला मैला शोषखड्ड्यात जाऊन तो बुजतो. आधी दुर्गंधी येते, मग संडासाचे पाणी सावकाश उतरते.

म्हणून उरलेली बाटली लेबलासकट शेजाऱ्याला द्यावी. कोणी घेत नसेल, तर बंद करून घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी. दोन बाटल्या एकत्र कधीच ओतू नयेत. ॲसिड ब्लीचिंग पावडरीत पडले, की क्लोरीन वायू सुटतो.

सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही माणसे उतरवली जातात. आपण ओततो, त्यातच तो कामगार उभा राहतो.