हातमोज्यातलं बोट



या व्यासपीठावरून छायाचित्र-संपादनाच्या व्यवसायाच्या भवितव्याबद्दल बोलायची प्रथा आहे. मला मात्र आज एकाच कामाबद्दल बोलायचं आहे, कारण त्यात मी सपशेल चुकलो होतो आणि त्या चुकीनेच मला बोट पाहायला शिकवलं. उघड्या हातांनी कप धरलेला फोटो आला आणि त्या हातांत लोकरीचे मोजे घालून द्यायचे, असं ते काम. लोकरी कपड्यांच्या कॅटलॉगचे फोटो उन्हाळ्यात काढले जातात, तेव्हा अशी मागणी येतेच.

पहिल्यांदा मी हाताच्या कडेभोवती सगळीकडे सारखी जाडी वाढवली आणि वर विणीचा पोत पसरला. चित्रातला हात सुजल्यासारखा दिसायला लागला आणि बोटं कपात रुतली. असं का झालं, ते घरातला मोजा घालून, हातात कप घेऊन बसलो तेव्हा कळलं. मोज्याची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. बोट कपाला टेकतं तिथे लोकर दबून जवळजवळ सपाट होते, बाहेरच्या बाजूला ती पूर्ण फुललेली असते आणि दोन बोटांच्या मध्ये दोन थर एकमेकांना दाबत असतात.

आता मी आधी माप घेतो. त्या फोटोतला कप 85 मिलिमीटर उंच होता आणि चित्रात 1020 पिक्सेल भरत होता, म्हणजे एका मिलिमीटरला 12 पिक्सेल. एकावर एक टेकलेल्या चार बोटांची रुंदी 64 मिलिमीटर होती. मोज्याची वीण अडीच मिलिमीटर जाड. वर-खाली मिळून 5 मिलिमीटर वाढले. बोटांमधल्या तीन फटींत दोन-दोन थर दाबून प्रत्येकी 3 मिलिमीटरचे झाले, त्याचे 9. हात 78 मिलिमीटरचा झाला आणि कपावर जेमतेम 7 मिलिमीटर जागा उरली. कप 78 मिलिमीटरहून बुटका असता तर करंगळी तळाखाली सरकवावी लागली असती. खरा माणूसही तेच करतो. म्हणून बोटांना नुसती जाडी देऊन भागत नाही, त्यांना एकमेकांपासून सरकवावंही लागतं. कपाचा कान धरलेला असेल तर आणखी सावध राहा. कानात उघडी दोन बोटं मावतात, मोज्यातली मावतीलच असं नाही.

पण खरी अडचण पुढेच आहे. उघड्या बोटाची दिशा आपल्याला नखावरून आणि पेरांच्या सुरकुत्यांवरून कळते. मोज्याने दोन्ही झाकली की उरते नुसती गुबगुबीत नळी. मग बोट कुठे वाकलं हे सांगायचं काम विणीवर येतं. टाक्यांच्या उभ्या रांगा बोटाच्या लांबीने धावतात. वाकलेल्या सांध्यावर त्या बाहेरून ताणून विरळ होतात, आतून दाटतात, पण मध्ये तुटत नाहीत. म्हणून पोत लावण्याआधी मी वेगळ्या लेअरवर प्रत्येक बोटाचं मूळ, दोन सांधे आणि टोक असे चार ठिपके देतो. अंगठ्याला मधला सांधा एकच दिसतो, म्हणून तिथे तीन. मग प्रत्येक बोटाची वीण स्वतंत्र लेअरवर ठेवून `Puppet Warp` ने त्या ठिपक्यांवरून वळवतो. एकच पोत चारही बोटांवर ओढला तर रांगा फटीवरून सरळ पलीकडे जातात आणि अनामिका करंगळीला चिकटते.

सावलीसाठी मूळ हात करडा करून, नखं आणि सुरकुत्या पुसट होईपर्यंत धूसर करून `Multiply` मध्ये वर ठेवतो. त्वचेची चकाकी आधी काढून घ्या, लोकर तशी चकाकत नाही. आणि कपाच्या चिनीमातीत पडलेलं बोटांचं प्रतिबिंब तपासा. बाहेर निळा मोजा आणि कपात गव्हाळ बोटं, ही चूक मी छापून आलेल्या पानावर पाहिली आहे.

काम झालं की मोज्यांचे सगळे लेअर काळे भरून फक्त आकृती पाहा. बोटं मोजता आली नाहीत, किंवा एखादं बोट सांध्याऐवजी पेराच्या मध्येच वाकलेलं दिसलं, तर पोत कितीही सुंदर असो, परत ठिपक्यांवर जायचं.

फोन धरलेल्या हाताला हे सगळं लागू आहेच, पण तिथे मागच्या बोटांची फक्त टोकं कडेवरून डोकावतात. नख नसल्यामुळे ती मण्यांसारखी दिसतात, म्हणून टोकाला आत वळत मिटणाऱ्या टाक्यांच्या रांगा तिथे दाखवाव्याच लागतात. अंगठा पडद्यावर टेकलेला असेल तर ग्राहकाला आधी विचारा, मोजा कुठला आहे. साध्या लोकरीतून पडदा सहसा स्पर्श ओळखत नाही. त्यासाठीच्या मोज्यांत अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला विद्युतवाहक धागा विणलेला असतो, आणि बऱ्याचदा तो वेगळ्या रंगाचा दिसतो. तो रंग पहिल्या सांध्यापर्यंतच, टोकाची गोलाई धरून भरायचा.