‘त्यामुळे’ला पर्याय शोधताना

लांबलचक निबंधाच्या कच्च्या खर्ड्यात ‘त्यामुळे’ आणि ‘मात्र’ यांची गर्दी होतेच. सरसकट शब्द बदलू नका. आधी प्रत्येक ‘त्यामुळे’ काय काम करतो ते पाहा. ‘पाऊस लांबला. त्यामुळे पेरण्या रखडल्या.’ इथे कारण आहे, म्हणून ‘पाऊस लांबल्याने पेरण्या रखडल्या’ असं एकच वाक्य होतं. ‘पेरण्या रखडल्या, यावरून पाऊस लांबला असावा’ हे मात्र अनुमान. तिथे ‘यावरून’च हवं.

‘मात्र’ अधिक फसवा. ‘कोकणात पाऊस झाला, मराठवाड्यात मात्र नाही’ ही नुसती तुलना. तिथे ‘तरीही’ घातलंत, तर कोकणातल्या पावसाने मराठवाडाही भिजायला हवा होता, असा भलताच अर्थ निघतो! अशा ठिकाणी अर्धविराम पुरतो.