पंप सुरू होतो, फ्यूज का उडत नाही?

रत्नागिरीत विहिरीवरचा 1 अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण 6 अँपिअर प्रवाह घेतो. बटण दाबताच मात्र तो क्षणभर 30 अँपिअरवर जातो. मग 10 अँपिअरचा फ्यूज उडत कसा नाही? तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. पाचपट प्रवाह, पंचवीसपट उष्णता. पण तार वितळायला वेळही लागतो, आणि तेवढ्यात पंप वेग घेतो, प्रवाह उतरतो. गाळाने पंखा अडकला, तर 30 अँपिअर टिकून राहतात नि काही सेकंदांत तार वितळते. 15 अँपिअरवर मात्र साधी फ्यूजतार बराच वेळ तग धरते. तोवर पंपाची वायर तापत राहते. दुहेरी तार तर त्याहूनही जास्त प्रवाह सोसते, म्हणून उडालेल्या फ्यूजला ती बांधू नका. आधी मेन स्विच बंद करून पंप तपासा.