हिरवं दिसतं ते सुखी असतं का?
(गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सध्या महूच्या पुढे चोरल, पाताळपाणीकडे गेलात तर डोंगर हिरवेगार दिसतील. सागाच्या माथ्यावर पांढुरके तुरेही आले असतील. एप्रिलमध्ये त्याच रस्त्याने जा, साग उघडाबोडका उभा असतो. त्याला कोणी दुष्काळ म्हणत नाही, कारण ते दर वर्षीचंच आहे. मग ज्या वर्षी खरोखर पाणी कमी पडतं, त्या वर्षी जंगलाला ते जाणवलं की नाही, हे सातशे किलोमीटर उंचीवरून कसं कळतं? उपग्रहाच्या नोंदींवर काम करणारे आम्ही लोक हेच पाहत असतो. त्यात फसगत कुठे होते, तेच आज सांगायचं आहे.

पान हिरवं दिसतं, कारण हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं. पण आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पान भरपूर परतवून लावतं. भरल्या पानांच्या जंगलातून समजा लाल प्रकाश शेकडा 5 परत आला आणि अवरक्त 40. दोन्हींमधला फरक 35, बेरीज 45. फरकाला बेरजेने भागलं की 0.78 येतात. पानगळीनंतर तिथेच लाल 15 आणि अवरक्त 25 आला, तर 10 भागिले 40, म्हणजे 0.25. हा झाला वनस्पती निर्देशांक, ज्याला एनडीव्हीआय म्हणतात.

'टेरा' उपग्रहावरचं 'मोडिस' हे उपकरण 2000 सालापासून ही मोजणी करत आहे. त्याचा एक ठिपका साधारण पंधरा एकरांचा. ढगांमुळे रोजची नोंद उपयोगी पडत नाही, म्हणून सोळा दिवसांतली त्यातल्या त्यात चांगली नोंद निवडतात. अशा वर्षाला तेवीस नोंदी होतात. त्या ओळीने मांडल्या की जंगलाचं वर्ष डोळ्यांसमोर येतं: पावसात चढ, हिवाळ्यात हळूहळू उतार, उन्हाळ्यात तळ.

दुष्काळ ओळखायचा तर सप्टेंबरची एप्रिलशी तुलना करून चालत नाही. या वर्षीचा डिसेंबरचा पंधरवडा आधीच्या सगळ्या वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी ताडून पाहावा लागतो. आकडा नेहमी थोडाफार वरखाली होतच असतो. त्या नेहमीच्या चढउतारापेक्षा तो बराच खाली गेला, तर काही घडलं असं समजायचं. पावसाने दगा दिलेल्या वर्षी साग लवकर पानं टाकतो, म्हणून आमच्या भागात खरी परीक्षा नोव्हेंबर ते जानेवारीत. जुलै-ऑगस्टमध्ये ढगच इतके की आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. पण याच मोजणीने शास्त्रज्ञांना अनेक वर्षं वादात गुंतवून ठेवलं. ते प्रकरण आहे दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनच्या सदाहरित जंगलाचं.

2005 साली तिथे मोठा दुष्काळ पडला. दुष्काळ वाढले तर हे जंगल कोलमडेल, असं हवामानाची काही गणितं सांगत होती. पण 2007 मध्ये स्कॉट सलेस्का आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात उलटंच लिहिलं: त्या दुष्काळात जंगल अधिक हिरवं झालं! त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. खोल मुळांना पाणी मिळत राहिलं, ढग कमी म्हणून ऊन वाढलं, आणि झाडांनी त्याचा फायदा घेतला. हे खरं असेल, तर जंगल आपल्याला वाटतं त्याहून चिवट ठरणार होतं.

2010 मध्ये अरिंदम सामंता आणि सहकाऱ्यांनी सुधारित नोंदी घेऊन तीच मोजणी पुन्हा केली. उपग्रहाच्या प्रत्येक आकड्याबरोबर एक शेरा असतो: इथे ढग होता, इथे धूर होता, ही नोंद चांगली. दुष्काळात अॅमेझॉनमध्ये आगी लागतात आणि धुराचे थर पसरतात. सोळा दिवसांतली सर्वांत चांगली नोंदही तेव्हा धुराचीच असू शकते. असे डागाळलेले आकडे बाजूला काढले, तेव्हा दुष्काळग्रस्त जंगलापैकी जेमतेम शेकडा 11 ते 12 भाग हिरवा झालेला दिसला. 28 ते 29 भाग कोमेजला होता किंवा बदललाच नव्हता. उरलेल्या निम्म्याहून अधिक भागाबद्दल काही म्हणता येईल इतकी नोंदच चांगली नव्हती.

आमच्या मते या आकड्यांतला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. नकाशावर प्रत्येक ठिपक्याला रंग असतो, म्हणून प्रत्येक ठिकाणची माहिती आहे असं वाटतं. तशी ती नसते.

दरम्यान जमिनीवर माणसं झाडं मोजत होती. ऑलिव्हर फिलिप्स आणि त्यांच्या मोठ्या गटाने वर्षानुवर्षं त्याच झाडांना फीत लावून घेर मोजला होता. 2009 मध्ये त्यांनी दाखवलं की 2005 च्या दुष्काळात झाडं मेली आणि जंगलाने कार्बन गमावला. वरून पानांचा माथा दिसतो. आतलं खोड वाळतंय की वाढतंय, ते दिसत नाही.

आणखी एक गुंता होता. दुष्काळ नसतानाही, दर कोरड्या ऋतूत अॅमेझॉन हिरवं होताना दिसे. 2014 मध्ये डग्लस मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण सूर्याच्या कोनात शोधलं. सूर्य आपल्या पाठीशी असला की समोरच्या झाडांच्या सावल्या झाडांमागे लपतात आणि झाडी उजळ दिसते. जूनकडून सप्टेंबरकडे जाताना उपग्रहासाठी तसंच होतं. घनदाट जंगलासाठी जो सुधारित निर्देशांक वापरतात, तो अवरक्त प्रकाशावर जास्त अवलंबून असल्यामुळे या सावल्यांना चटकन भुलतो. कोनाची दुरुस्ती केल्यावर ती ऋतूची हिरवाई नाहीशी झाली. पण वाद तिथे संपला नाही. 2016 मध्ये मनोऱ्यांवरच्या कॅमेऱ्यांनी दाखवलं की कोरड्या ऋतूत काही झाडं जुनी पानं टाकून खरोखरच नवी पानं काढतात.

हे सगळं ध्यानात ठेवून आपल्या सागाकडे परत येऊ. उद्या कोणी नकाशा दाखवून म्हणालं की इथलं जंगल पूर्वीपेक्षा हिरवं झालं, तर आम्ही तीन गोष्टी विचारू. तुलना कोणत्या पंधरवड्याशी केली? ढग-धुराच्या नोंदी काढल्या का? आणि तिथे पायी कोणी जाऊन आलं का? कारण विरळ झालेल्या सागाखाली घाणेरी माजली, तरी निर्देशांक वर जातो. उपग्रहाला साग आणि घाणेरी यांच्यातला फरक या आकड्यात दिसत नाही. तो तिथे गेलेल्या माणसाला पाच मिनिटांत दिसतो.

म्हणून एक विनंती. या नोंदी कोणालाही फुकट पाहता येतात, पण जमिनीवरची वही कोणाकडेच नसते. चोरलच्या वाटेवरचा एखादा सागाचा पट्टा ठरवून घ्या. त्याची निम्मी पानं कधी गळली, पालवी कधी फुटली आणि खाली काय उगवलं, एवढं तारखेनिशी लिहीत चला. पाच-सात वर्षांची तशी वही झाली, की आमचे आकडे तिच्याशी ताडून पाहता येतील.