शेठच्या तक्रारीतून सुरू होणारी गोष्ट

पदवीधर मित्रांनो,

तुमच्यातले बरेच जण उद्या राहनाळ, पूर्णा, काल्हेरच्या गोदामांत नोकरीला लागतील. तिथे जुन्या ग्राहकाला वरचा प्लॅन सुचवायची वेळ येईल, म्हणून आज तेवढेच बोलतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, मसाले आणि फरसाणाचे एक व्यापारी तुमच्याकडे महिना 1 लाख रुपये भाड्याने फक्त जागा घेतात. माल उतरवणे-चढवणे त्यांचीच माणसे बघतात. बोलता बोलता ते म्हणतात, "मुदत संपलेला माल दुकानांतून परत येतोय." हे वाक्य तारखेसह त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. तुमचा प्रस्ताव याच वाक्यातून निघायला हवा.

मात्र लगेच दरपत्रक पुढे करू नका. आधी तीन महिन्यांची परतीची चलने मागा. समजा, महिन्याला सरासरी 36,000 रुपयांचा माल परत येतो. त्यातला 24,000 चा माल नवी पेटी पुढे आणि जुनी मागे राहिल्याने मुदतबाह्य झाला, तर 12,000 चा गाडीत फुटला. बॅचनिहाय बारकोड नोंद आणि आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर काढणे, या सेवेचे जादा 15,000 होतात. ही सेवा पहिले नुकसान बरेच कमी करेल. दुसऱ्याला तिचा उपयोग नाही, आणि हे तुम्हीच सांगायचे.

मग म्हणा, "शेठ, तुम्ही परत येणाऱ्या मालाचे बोलला होतात. चलने पाहिली. यातला मोठा भाग रचनेमुळे येतोय. फक्त फरसाणापुरते दोन महिने करून पाहू. फरक पडला नाही, तर जुन्या दरावर परत या." लवकर खराब होतो त्या मालापासून सुरुवात केली, की फरक लवकर दिसतो आणि शेठचा खर्चही आटोक्यात राहतो.

हेच नुकसान 8,000 चे असते, तर हा प्लॅन सुचवूच नका. रॅकवर मुदतीच्या तारखेची चिठ्ठी लावायला सांगा, तेवढ्याने भागेल.

शेठ "बघू" म्हणाले, तर एकदाच विचारा, "अडचण दराची आहे की कामाची?" उत्तर नोंदवा आणि विषय थांबवा. उत्तरे तुटक होऊ लागली, फोन उचलणे बंद झाले, तर समजा की तुम्ही त्यांच्या गरजेऐवजी स्वतःच्या महिन्याच्या टार्गेटविषयी बोलत होता. पुन्हा विषय काढायचा तो नवीन कारण मिळाल्यावरच: दिवाळीआधी माल वाढला, किंवा परतीचा आकडा चढला.

दोन महिन्यांनी परतीची चलने पुन्हा शेठसमोर ठेवा. आकडा उतरला असेल, तर मसाल्यांसाठीही ही सेवा घ्यायची का, हे त्यांना ठरवू द्या. उतरला नसेल, तर जुना दर लावा, त्यांनी मागण्याआधीच.