एका चुडात तीन रोपं



ग्रामसभा असो, बचत गटाचा मेळावा असो की शाळेतलं प्रजासत्ताक दिनाचं भाषण असो, आपल्याकडे बोलणाऱ्याला सगळंच सांगायचं असतं आणि ऐकणाऱ्याबरोबर घरी काहीच जात नाही. पुस्तक वाचणारा दोन पानं मागे जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. म्हणून बोलायचं वाक्य वेगळं बांधावं लागतं. तीनचा गट, पुनरुक्ती आणि विरोध, या युक्त्या तुम्हाला ठाऊक आहेत. त्या बिघडतात कुठे, ते मला आज सांगायचं आहे.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीतून निरोपाचा सल्ला दिला, तो तीन आज्ञांचा. मराठीत तो ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असा रुळला. इंग्रजीत चळवळ मधे होती आणि संघटना शेवटी. आपल्या तोंडी मात्र संघटना मधे आणि संघर्ष शेवटी, असा क्रम बसला. पुढे १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, तेव्हा आपलं गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. त्या निवडणुकीतली भाषणं आज किती जणांना आठवतात? हे तीन शब्द मात्र वस्तीवस्तीच्या भिंतीवर आहेत, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही पाठ आहेत.

ते का टिकले, ते जवळून पाहा. पहिली आज्ञा दोनच अक्षरांची, तोंडातून झटकन सुटणारी. दुसरी आणि तिसरी लांब, आणि दोन्हींची सुरुवात ‘संघ’ या एकाच ध्वनीने. म्हणजे दुसरी ऐकली की तिसरी जिभेवर आपसूक येते. आणि क्रम पाहा. शिकलेली माणसं एकत्र येतात, एकत्र आलेली माणसं लढू शकतात. आता तेच शब्द उलटसुलट म्हणा: संघर्ष करा, शिका, संघटित व्हा. अर्थ कुठे गेला नाही, पण जिना मोडला. चौथी आज्ञा जोडा, ‘व्यसन सोडा’. सल्ला खरा आहे, चांगला आहे, पण घोषणा तिथेच फुटली. म्हणून म्हणतो, तीनचा गट म्हणजे नुसती तीनची मोजणी नव्हे. तिसरं पद पहिल्या दोघांपेक्षा जड असलं पाहिजे.

आपण धानाच्या मुलखातली माणसं. रोवणीला एका चुडात दोन-तीन रोपं लावतात. घाईघाईत पाच-सहा खुपसली, तर ती एकमेकांचाच घास खातात, फुटवे कमी येतात, काड्या बारीक राहतात. आठ मागण्यांचं निवेदन वाचून दाखवता तेव्हा नेमकं हेच होतं. आणि एकच रोप लावलं, ते मेलं, तर बांधीत तेवढी जागा रिकामी. एकच गोष्ट एकदाच सांगितलीत आणि नेमकं तेव्हा कुणाचं मूल रडलं, तर ती गोष्ट गेलीच.

पुनरुक्ती म्हणजे दोरी लावून केलेली रोवणी. सारख्या अंतरावर ओळी असल्या की निंदणाऱ्या बाईला पाय कुठे टाकायचा ते कळतं. तसं तोच शब्द ठरावीक जागी आला की ऐकणाऱ्याला पुढची ओळ दिसते. इथे मला शिक्षकमंडळींशी थोडं भांडायचं आहे. निबंधात तोच शब्द दोनदा आला की तुम्ही लाल रेघ मारता. निबंधात मारा. पण तेच मूल व्यासपीठावर गेलं की ‘पाणी’ म्हणून झाल्यावर ‘जल’ म्हणतं, मग ‘जीवन’ म्हणतं. ऐकणाऱ्याला वाटतं, विषय बदलला. व्यासपीठावर पाणी तिन्ही वेळा पाणीच राहू द्या.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावातली ताई ग्रामसभेत उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आमच्या वॉर्डात नाल्या साफ होत नाहीत, पावसात पाणी साचतं, डास आहेत, खांबावर दिवा नाही, कचरागाडी येत नाही, पोरं आजारी पडतात, तरी याकडे लक्ष द्यावं.’’ बोलली ते सगळं खरं. सचिवांनी लिहूनही घेतलं. पण उद्या चहाच्या टपरीवर यातलं काय निघेल? फार तर ‘ती ताई पुष्कळ बोलली’ एवढंच.

यातला दिवा आणि कचरागाडी आज बाजूला ठेवा. फक्त नाली धरा, आणि तिला असं बोलू द्या: ‘‘पाऊस पडला, नाली भरली. नाली भरली, अंगण भरलं. अंगण भरलं, आणि घरात ताप आला.’’ एका वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याचं डोकं होतं. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अविद्येचे अनर्थ सांगताना अशीच साखळी ओवली. ती तुम्हा सर्वांना पाठ आहे, म्हणून मी म्हणून दाखवत नाही. ताईच्या वाक्यात पहिल्या दोन वेळा ‘भरली’, ‘भरलं’ आहे, आणि तिसऱ्या वेळी कान ‘भरलं’ची वाट पाहत असताना ताप येतो. तिथेच सभा मान वर करते. ‘घर भरलं’ म्हटलं असतं तर यमक जुळलं असतं, पण धक्का गेला असता.

आता विरोध. त्याच ताईने शेवटी म्हणावं, ‘‘कर आम्ही दरवर्षी भरतो, नाली तुम्ही एका वर्षी उपसता.’’ दोन्ही अर्धी जवळपास सारख्या लांबीची, आम्ही-तुम्ही समोरासमोर. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जी घोषणा केली, तिचा बांधा हाच होता. हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही: दोन्हीकडे ‘हिंदू म्हणून’ जसंच्या तसं, आणि बदललं फक्त जन्म आणि मरण. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी राजकारणातली समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनातली विषमता अशीच समोरासमोर उभी केली. धुऱ्याच्या अलीकडे एक बांधी, पलीकडे दुसरी, आणि मधे धुरा एकच. धुरे दोन केलेत, म्हणजे एकाच वाक्यात दोन-दोन विरोध घातलेत, तर ऐकणाऱ्याला कळत नाही तो कोणत्या बांधीत उभा आहे.

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: तिसरं पद जड ठेवा, आणि फिरून येणारा शब्द बदलू नका.

जमलं की नाही, हे घरीच तपासता येतं. सकाळी वाक्य घरातल्या पोराला एकदाच ऐकवा, त्याला लिहू देऊ नका. संध्याकाळी विचारा. तो दोन पदं सांगून तिसऱ्याला अडला, तर तिसरं पद हलकं आहे. तिन्ही सांगितली पण उलटसुलट, तर क्रमात जिना नाही. शब्द बरोबर आणि अर्थ विचारल्यावर गप्प, तर तुम्ही नुसतं यमक बांधलंत.

विरोधाची एक बाजू मात्र राहते आहे. वाक्य घडवायच्या नादात माणूस दुसरी बाजू आहे त्याहून काळी रंगवतो. मघाशी ताईच्या तोंडी आपण ‘एका वर्षी’ घातलं, पण नाली खरंच दोनदा उपसली असेल तर सचिव तिथल्या तिथे वही उघडून दाखवतील आणि तापाची गोष्टही खोटी ठरेल. तेव्हा विरोध बांधण्याआधी नोंद पाहून घ्या, आणि आकडा आडवा आला तर... वेळ संपल्याची खूण होते आहे. तिसऱ्या पदाआधी किती थांबायचं, हेही बोलायचं होतं, ते पुढच्या वेळी.